जाहीरनाम्याचा सारांश : वचनं, न सांगितलेला खर्च आणि मोघम राहिलेले मुद्दे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक आली की आमच्याकडे जाहीरनाम्यांबद्दल प्रश्न येऊ लागतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचं. दोन्ही आघाड्यांची वचनं त्यात आहेत आणि पुढचा अर्थसंकल्पही सादर होऊन गेला आहे, त्यामुळे आपलं गणित कुठे जुळलं आणि कुठे नाही हे पडताळून पाहता येतं.

जाहीरनाम्याचा सारांश काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात वचन, दुसऱ्यात त्या वचनासाठी लागणारा पण जाहीरनाम्यात न लिहिलेला खर्च आणि तिसऱ्यात अजून न सांगितलेल्या गोष्टी. प्रस्तावना, नेत्यांची छायाचित्रं, मागच्या कामांची यादी आणि विरोधकांवरची टीका यांतलं काहीही वहीत उतरवायचं नाही.

पहिला रकाना भरताना स्वतःचे शब्द वापरू नका, जाहीरनाम्यातलं वाक्य जसंच्या तसं घ्या. "वाढवू" च्या जागी "दुप्पट करू" लिहिलं गेलं की पुढचं सगळं गणित चुकतं आणि असं लिहिलं गेल्याचं आपल्या लक्षातही येत नाही.

दुसरं म्हणजे वाक्य सुटं करा. महायुतीच्या दहा वचनांमध्ये शेतकऱ्यांबद्दलचं कलम एकच आहे, पण त्यात तीन वचनं आहेत : कर्जमाफी, शेतकरी सन्मान योजनेचे वर्षाला १२,००० वरून १५,००० रुपये आणि हमीभावावर २० टक्के अनुदान. तिन्हींचे लाभार्थी वेगळे, खर्च वेगळा आणि अनिश्चितताही वेगळी. एका ओळीत ठेवली तर १५,००० चा स्पष्ट आकडा शेजारच्या कर्जमाफीलाही स्पष्ट असल्यासारखं दाखवतो. म्हणून तीन ओळी करायच्या.

सभेत एक ऐकलं, जाहीरनाम्यात दुसरंच आहे. कोणतं धरायचं?

दोन्ही लिहा, पण प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आणि कोणत्या तारखेची हे नोंदवा. २०२४ मध्ये महायुतीची दहा वचनं ५ नोव्हेंबरला कोल्हापूरच्या सभेत जाहीर झाली. महाविकास आघाडीने आपल्या हमी ६ नोव्हेंबरला मुंबईत बीकेसीच्या सभेत दिल्या. मग १० नोव्हेंबरला भाजपचं संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा 'महाराष्ट्रनामा' एकाच दिवशी आले. मतदान २० तारखेला होतं. म्हणजे पंधरा दिवसांत एकाच आघाडीची वचनं दोन-तीन कागदांवर आली.

आघाडी असेल तर आणखी एक नोंद हवी : हे वचन संपूर्ण आघाडीचं आहे की एकाच घटक पक्षाचं? नंतर "ते आमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हतं" असं उत्तर मिळू शकतं. तुमच्या वहीत स्रोत लिहिलेला असेल तर हा वाद एका मिनिटात मिटतो. छापील कागद आणि भाषण यांत फरक असेल तर सारांशात छापील मजकूर घ्या आणि भाषणातला फरक तिसऱ्या रकान्यात टाका.

"कटिबद्ध आहोत", "प्रयत्न करू" ही वचनं धरायची का?

खर्चाच्या गणितात धरायची नाहीत. त्यांची यादी मात्र वेगळी ठेवायची.

मी क्रियापदाकडे पाहतो. "देऊ", "करू", "भरू" या शब्दांना कर्ता आणि कृती असते. "कटिबद्ध आहोत", "भर देऊ", "चालना देऊ", "पाठपुरावा करू", "समिती नेमू" हे शब्द मुळीच पोकळ नाहीत, पण पाच वर्षांनी ते झाले की नाही हे कोणाला सिद्ध करता येत नाही. कसोटी साधी आहे : कोणती गोष्ट दिसली म्हणजे हे वचन पाळलं असं आपण म्हणू? उत्तर सुचलं तर वचन. सुचलं नाही तर ती दिशा.

महायुतीच्या यादीतून दोन टोकं घेऊ. सरकार आल्यावर १०० दिवसांत 'व्हिजन महाराष्ट्र २०२९' सादर करू, हे वचन तपासायला अगदी सोपं आहे. कागद हवा, तारीख ठरलेली. वीज बिलात ३० टक्के कपात करून सौर आणि अक्षय ऊर्जेवर भर देऊ, या वाक्याचा पहिला अर्धा भाग वचन आहे आणि दुसरा अर्धा दिशा. वाक्य तिथेच तोडा.

पक्ष खर्च सांगतच नाहीत. मग आकडा आणायचा कुठून?

खरं तर सांगणं अपेक्षित आहे. आदर्श आचारसंहितेच्या जाहीरनाम्याविषयीच्या भागात निवडणूक आयोगाने म्हटलं आहे की वचनांमागचं कारण दिसावं आणि त्यासाठीचा पैसा कोणत्या मार्गाने उभा राहील हे ढोबळमानाने सांगावं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने यासाठी ठरावीक नमुना आणण्याचा प्रस्ताव पक्षांपुढे ठेवला होता. एवढं असूनही जाहीरनाम्यात वचनाच्या शेजारी रक्कम क्वचितच दिसते.

म्हणून आकडा आपणच काढायचा. त्याला तीन गोष्टी लागतात : किती जणांना, प्रत्येकी किती आणि वर्षातून किती वेळा. गुणाकार केला की एकूण खर्च मिळतो. पण काम तिथे संपत नाही. त्यातून आज आधीच होत असलेला खर्च वजा करायचा, कारण वचनामुळे तिजोरीवर पडणारा बोजा म्हणजे फक्त वरचा फरक. ही वजाबाकी विसरणं ही सर्वांत मोठी चूक आहे. मी स्वतः ती केली आहे. पहिल्या वेळी एका योजनेचा पूर्ण खर्च "नवा बोजा" म्हणून लिहिला आणि तो कागद वीस-पंचवीस घरांत गेल्यावर एका निवृत्त लेखापालांनी फोन करून चूक दाखवली. दुरुस्तीचा कागद पुन्हा घरोघरी पोचवावा लागला.

लाभार्थींची संख्या राज्याची 'आर्थिक पाहणी', अर्थमंत्र्यांचं भाषण किंवा योजनेचा शासन निर्णय यांत मिळते. आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या थोडी आधी येते. खर्चाची तरतूद अर्थसंकल्पात आणि नंतरच्या पुरवणी मागण्यांत असते. वर्तमानपत्रातली संख्या घ्यावीच लागली तर तारखेसह घ्या.

लाडकी बहीण योजनेच्या २१०० रुपयांचं गणित पूर्ण करून दाखवाल का?

हो. या प्रश्नाची पत्रं सर्वांत जास्त येतात, म्हणून सावकाश करू.

योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये आणि वर्षाला सुमारे ४६,००० कोटींचा खर्च असं सांगितलं गेलं. एका महिलेला वर्षाला १८,००० रुपये होतात. ४६,००० कोटींना १८,००० ने भागलं तर साधारण अडीच कोटी महिला येतात. म्हणजे सरकारने किती महिला गृहीत धरल्या होत्या ते त्यांच्याच आकड्यातून बाहेर पडतं. ही उलटी भागाकाराची युक्ती लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

आता महायुतीचं वचन १,५०० वरून २,१०० चं. फरक महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,२००. अडीच कोटींनी गुणलं की १८,००० कोटी. दुसऱ्या रकान्यात लिहायचं ते हे : "वाढीव खर्च वर्षाला सुमारे १८,००० कोटी, लाभार्थी अडीच कोटी धरून." शेवटचे शब्द गाळू नका. लाभार्थी दोन कोटी झाले तर हाच आकडा १४,४०० कोटींवर येतो. गृहीतक लिहिलेलं असेल तर वाचणारा आपला आकडा स्वतः बदलून घेऊ शकतो.

तिसऱ्या रकान्यात चार ओळी येतात. वाढ कोणत्या महिन्यापासून? निकष तेच राहणार की पडताळणी होऊन यादी कमी होणार? योजनेत वयाची मर्यादा २१ ते ६५ आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाख अशी आहे, ती तशीच राहील का? आणि पैसा कुठून, नव्या करातून, कर्जातून की दुसऱ्या एखाद्या कामाला कात्री लावून? आमच्या वाचनालयात हा कागद लावला तेव्हा एका आजींनी बोट ठेवून विचारलं होतं, "यात माझं नाव राहील का, एवढंच सांगा." त्यांच्यासाठी १८,००० कोटींपेक्षा तिसऱ्या रकान्यातली दुसरी ओळ महत्त्वाची होती.

महाविकास आघाडीच्या ३,००० रुपयांना आणि मोफत बसप्रवासालाही हेच गणित लागू होतं का?

पद्धत तीच, पण दोन ठिकाणी थांबावं लागतं.

महालक्ष्मी योजनेत महिलांना महिन्याला ३,००० रुपये देऊ असं वचन होतं. तेच अडीच कोटी लाभार्थी धरले तर वर्षाला एकूण ९०,००० कोटी. चालू योजनेच्या जागी ही येणार असं मानलं तर ४५,००० कोटी वजा होऊन वाढीव खर्च ४५,००० कोटी राहतो. पण "जागी" हे आपण मानलं आहे. शिवाय निकष वेगळे असतील तर अडीच कोटी ही संख्याही बदलेल. म्हणून हा आकडा जसा मागच्या उत्तरात अडीच कोटींसह लिहिला तसाच लिहा आणि दोन्ही आघाड्यांना एकच लाभार्थीसंख्या वापरा. एकाला दोन कोटी आणि दुसऱ्याला तीन कोटी लावून केलेली तुलना निरुपयोगी आहे.

बसप्रवासात आज आधीच होत असलेला खर्च नजरेतून सहज निसटतो. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहेच. त्यामुळे मोफत प्रवासाचा नवा खर्च पूर्ण तिकिटाचा नसून उरलेल्या अर्ध्याचा. पण फुकट झाल्यावर प्रवासी वाढतील आणि वाढलेल्या प्रवाशांसाठी बसगाड्या, चालक, वाहक लागतील. तो खर्च तिकिटाच्या हिशेबात दिसत नाही. इथे मी रकमेचा अंदाज लिहीत नाही, "उरलेलं अर्धं तिकीट, अधिक वाढीव फेऱ्या" एवढंच लिहितो. आकडा काढता येत नसेल तर खर्चाचं स्वरूप लिहिणं हे पूर्ण उत्तर आहे.

१८,००० कोटी जास्त की कमी, हे सामान्य माणसाला कसं कळावं?

राज्याच्या एकूण अर्थसंकल्पाशी तुलना करू नका. तशी केली की प्रत्येक वचन किरकोळ वाटतं, कारण त्या एकूण रकमेतला मोठा वाटा पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांत आधीच बांधलेला असतो.

तुलना महसुली तुटीशी करा. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी सरकारला कमी पडणारा पैसा, जो उसना घ्यावा लागतो. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट २०,०५१ कोटी दाखवली होती. नवा कर किंवा काटकसर न करता १८,००० कोटींचा खर्च वाढवला तर ही तूट जवळजवळ दुप्पट होते. महाविकास आघाडीचे ४५,००० कोटी धरले तर ती तिप्पट ओलांडून जाते. ही दोन वाक्यं वाचून कुणीही स्वतःचं मत बनवू शकतं.

तुलनेसाठी नेहमी निवडणुकीच्या आधीचा अर्थसंकल्प घ्या. वचन देताना पक्षांसमोर तोच होता.

कर्जमाफीचा खर्च काढताच येत नाही. मग काय लिहायचं?

कर्जमाफी हा शब्द एकच, पण त्याच्या पोटात किमान पाच निर्णय असतात आणि प्रत्येक निर्णयाने खर्च काही हजार कोटींनी इकडेतिकडे होतो. कमाल रक्कम किती? कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी? फक्त पीककर्ज की मध्यम मुदतीचंही? हिशेब खात्यागणिक की कुटुंबागणिक? आणि नियमित फेडणाऱ्याला काय?

महाविकास आघाडीने यातले दोन सांगितले होते : तीन लाखांपर्यंत माफी आणि नियमित फेड करणाऱ्यांना ५०,००० रुपये प्रोत्साहन. महायुतीच्या दहा वचनांच्या यादीत "कर्जमाफी" एवढंच आहे. म्हणून दोघांच्या तिसऱ्या रकान्याची लांबी वेगळी येते. हा पक्षपात नाही, मजकुरातला फरक आहे.

हे निर्णय किती मोठे असतात ते मागच्या दोन कर्जमाफ्यांवरून दिसतं. समजा एका शेतकऱ्याचं थकीत पीककर्ज २ लाख १० हजार आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत मर्यादा दीड लाखाची होती. पण तिच्या वर थकबाकी असणाऱ्यांसाठी एकरकमी परतफेडीची सोय होती. वरचे ६०,००० त्याने भरले तर दीड लाख सरकार भरणार. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत मर्यादा वाढून दोन लाख झाली. ऐकायला ती मोठी. पण तिच्या निकषांत दोन लाखांच्या वरचं कर्जखातं बसतच नव्हतं. म्हणजे हाच शेतकरी लहान मर्यादेच्या योजनेत बसत होता आणि मोठ्या मर्यादेच्या योजनेतून बाहेर राहिला. जाहीरनाम्यातली मर्यादा वाचून हे कधीच कळलं नसतं.

रकमेचंही तसंच. २०१७ मध्ये ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली होती. प्रत्यक्षात बँकांकडे गेलेली रक्कम त्याहून बरीच कमी होती, कारण अर्ज, छाननी आणि वरची रक्कम भरण्याची अट यांत खाती गळत गेली. म्हणून कर्जमाफीपुढे मी एक आकडा न लिहिता मागच्या दोन योजनांच्या मर्यादा आणि कट-ऑफ तारखेची पद्धत लिहितो. फुले योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं कर्ज धरलं होतं. ही तारीख ठरेपर्यंत कोणत्याही कर्जमाफीचा खर्च कुणालाच सांगता येत नाही, ती देणाऱ्या पक्षालाही नाही.

गावातून एक प्रश्न हमखास येतो : मग हप्ता भरायचा की थांबायचं? त्याचं उत्तर सारांशात देऊ नका. पण "कट-ऑफ तारीख जाहीर नाही" ही ओळ ठळक लिहा, कारण वाट पाहणाऱ्याचं व्याज आणि पुढचं पीककर्ज दोन्ही त्या एका तारखेवर अवलंबून असतं.

हमीभावावर २० टक्के अनुदान, यात मोघम काय आहे? आकडा तर दिलेला आहे.

टक्केवारी स्पष्ट आहे, ती कशावर लावायची ते नाही.

सोयाबीन घ्या. २०२४-२५ च्या खरिपात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्याचे २० टक्के म्हणजे ९७८ रुपये. दहा लाख टन म्हणजे एक कोटी क्विंटल, तेव्हा दर दहा लाख टनांमागे सुमारे ९८० कोटी रुपये लागतील. आता प्रश्न, किती टनांवर? सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावाने गेलेल्या मालावरच अनुदान असेल तर माल थोडा आणि खर्चही थोडा. बाजार समितीत व्यापाऱ्याला विकलेल्या मालावरही असेल तर खर्च कितीतरी पटीने वाढतो. वाक्य एकच आणि दोन्ही अर्थ बरोबर.

शिवाय कांद्याला, द्राक्षाला किंवा भाजीपाल्याला केंद्राचा हमीभावच नाही. त्यामुळे हे अनुदान नाशिकच्या कांदा उत्पादकाला लागू होतं की नाही, हा तिसऱ्या रकान्यातला स्वतंत्र मुद्दा.

राज्याच्या हातातच नसलेली वचनं कुठे टाकायची?

तिसऱ्या रकान्यात, "निर्णय कुणाकडे" असं लिहून. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा काढू, हे महाविकास आघाडीचं वचन होतं. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यातल्या निकालातून आलेली आहे. राज्य सरकार ठराव करू शकतं, केंद्राकडे मागणी करू शकतं, पण शेवटचा शब्द संसद आणि न्यायालयाचा.

वीज बिलातली ३० टक्के कपातही थोडी अशीच. विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. सरकार आपल्या तिजोरीतून अनुदान देऊन बिल कमी करू शकतं, किंवा आयोगाकडून दर कमी होण्याची वाट पाहू शकतं. पहिल्या मार्गाला खर्च आहे, दुसऱ्यात निर्णय दुसऱ्याचा आहे. कोणता मार्ग आणि कोणत्या ग्राहकांसाठी, हे त्या यादीत नाही.

"२५ लाख रोजगार" याचा खर्च किती धरायचा?

धरू नका. हे महायुतीच्या दहा वचनांतलं कलम आहे. रोजगारनिर्मिती म्हणजे सरकारी पदभरती नव्हे. खासगी कारखान्यात लागलेली नोकरीही त्यात येते आणि ती मोजायची कशी हे सांगितलेलं नाही. त्याच कलमातलं दुसरं वचन मात्र मोजता येतं : १० लाख विद्यार्थ्यांना प्रशिक्षणातून महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन. बारा महिने धरले तर १२,००० कोटी, सहा महिने धरले तर ६,०००. किती महिने ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही आकडे द्या.

एकाच घरात दोन वचनांचा लाभ मिळणार असेल तर खर्च दोनदा धरायचा का?

नाही, आणि हा अपवाद अवघड आहे. लाडकी बहीण योजनेत दुसऱ्या सरकारी योजनेतून पैसे मिळणाऱ्या महिलेला फक्त फरक दिला जातो. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये ज्या महिलेला मिळतात, तिला लाडकी बहीणचे ५०० मिळतात.

आता दोन्ही वचनं एकदम पाळली असं समजा. शेतकरी सन्मानच्या वचनाने हेच १२,००० वाढून १५,००० होतात, म्हणजे महिन्याला १,२५०. लाडकी बहीण २,१००. फरकाचाच नियम राहिला तर तिला ८५० मिळतील. एकूण हातात २,१०० येतील, म्हणजे आजच्या १,५०० पेक्षा ६०० जास्त. जाहीरनामा वाचून ती मात्र ६०० आणि २५० अशी दोन्ही वाढ जोडून ८५० जास्त मिळतील असं समजून बसते. दोन वचनांच्या ओळी वेगळ्या ठेवा, पण दोन्हींपुढे "एकमेकांत वजावट होणार का, स्पष्ट नाही" असं लिहा.

निवडणुकीनंतर हा कागद पुन्हा कधी काढायचा?

पहिल्या पूर्ण अर्थसंकल्पाच्या दिवशी. १० मार्च २०२५ ला २०२५-२६ चा अर्थसंकल्प आला, तेव्हा लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. आता वरची भागाकाराची युक्ती लावा. वर्षाला १८,००० प्रमाणे ही रक्कम दोन कोटी महिलांना पुरते. २,१०० प्रमाणे एका महिलेला वर्षाला २५,२०० लागतात, त्या हिशेबाने ती एक कोटी ४३ लाख महिलांना पुरते. भाषणात २,१०० चा उल्लेख नव्हता, पण तो असता किंवा नसता तरी त्या वर्षी वाढ धरलेली नाही आणि यादीही लहान होईल असं मानलं आहे, हे तरतुदीवरूनच कळत होतं. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींवर गेली होती. कर्जमाफीची घोषणा नव्हती.

एका अर्थसंकल्पावरून "वचन मोडलं" असं लिहू नका. वचनाला तारीख नव्हती आणि कार्यकाळ पाच वर्षांचा आहे. "पहिल्या अर्थसंकल्पात तरतूद नाही" हे अचूक वाक्य आहे. पुढे पुरवणी मागण्या आल्या की त्याच ओळीखाली नवी तारीख घालून भर टाका. कर्जमाफीच्या ओळीखाली आमच्या वहीत पुढची नोंद ऑक्टोबर २०२५ ची आहे : शेतकरी आंदोलनानंतर मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं. त्या दिवशी मोघम वचनाला पहिल्यांदा तारीख मिळाली.

वचन पाळलं नाही तर न्यायालयात जाता येतं का?

केवळ जाहीरनाम्याच्या आधारावर फारसं काही हाती लागत नाही. ५ जुलै २०१३ च्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातलं आश्वासन हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खालचा भ्रष्ट आचार ठरत नाही असं म्हटलं आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. आचारसंहितेतला जाहीरनाम्याचा भाग तिथूनच आला (पाहा : खर्चाचा आकडा कुठून आणायचा).

सगळं एका पानात कसं बसवायचं? नमुन्याची एक नोंद द्याल का?

प्रत्येक वचनाला चार ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका आणि दहापेक्षा जास्त वचनं घेऊ नका. उरलेली मागच्या पानावर नुसती यादी म्हणून. आमच्या फलकावर लागलेली नोंद अशी होती :

वचन : लाडक्या बहिणींना महिन्याला १,५०० वरून २,१०० रुपये (महायुती, दहा वचनं, कोल्हापूर, ५ नोव्हेंबर २०२४).
न सांगितलेला खर्च : वर्षाला वाढीव सुमारे १८,००० कोटी, लाभार्थी अडीच कोटी धरून. जून २०२४ च्या अर्थसंकल्पातली महसुली तूट २०,०५१ कोटी.
मोघम : सुरुवातीचा महिना, निकष आणि पडताळणी, शेतकरी सन्मानशी वजावट, पैशाचा मार्ग.
पुढची नोंद : अर्थसंकल्प, मार्च २०२५ (जागा कोरी ठेवली आहे).